जाळं ओढायचं गाणं : रापणीच्या दोरावर चालेल असं गाणं बसवताना ठेवलेल्या नोंदी

८ नोव्हेंबर

काम असं आहे की रापण ओढताना गाता येईल असं नवं गाणं बसवायचं, एकजण म्हणणार आणि बाकीचे उत्तर देणार, आणि उत्तरावर दोर ओढला जाणार. स्टेजवर म्हणायचं गाणं नाही, दोर हातात असताना म्हणायचं. रापण माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: जाळं होडीतून अर्धगोल टाकतात, त्याच्या दोन टोकांचे दोन दोर किनाऱ्यावर येतात, आणि माणसांच्या दोन रांगा ते दोर एकाच वेळी ओढत हळूहळू एकमेकांजवळ सरकतात. आमचा दोर एका बाजूला साधारण २०० मीटर, एका रांगेत १२ माणसं.

आज घरी बसून चाल लावली. आठ मात्रांची ओळ, आठ मात्रांचं उत्तर, मेट्रोनोम लावून एक मात्रा ०.३ सेकंदाची धरली म्हणजे ओळ २.४ सेकंदात संपते. ओढ दोन ठिकाणी ठेवली, म्हणणाऱ्याच्या ओळीच्या पहिल्या अक्षरावर एक आणि उत्तराच्या पहिल्या अक्षरावर एक. एका ओढीत अर्धा मीटर दोर येतो असं धरलं तर २०० मीटरला ४०० ओढी, १६ मिनिटांत दोर हातात. कागदावर हे सगळं छान जुळत होतं.

११ नोव्हेंबर

वाळूत जुने टायर भरून दोराला बांधले आणि ते ओढून बघितले, सहा माणसं. गाणं मस्त चाललं, सगळे खूश. पण ही चाचणी चुकीची होती हे मला नंतर कळलं. टायरचं वजन सतत सारखं असतं, थांबलात की ते थांबतं. पाण्यातलं जाळं थांबत नाही, ओसरती लाट त्याला परत आत खेचते, त्यामुळे ओढून झाल्यावर दोर नुसता धरून ठेवायलासुद्धा ताकद लागते. हे टायर कधीच शिकवणार नाहीत. कोणी असं गाणं बसवत असाल तर कोरड्यावर फक्त शब्द पाठ करून घ्या, ताल ठरवू नका. माझे असे तीन दिवस गेले.

१५ नोव्हेंबर

पहिल्यांदा खऱ्या दोरावर. पाच मिनिटांत बंद पडलं.

दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे २.४ सेकंदाला एक ओढ हा वेग माणसाला झेपत नाही, मागे रेलायचं, परत पाय पुढे टाकून दोर धरायचा, श्वास घ्यायचा आणि वर गायचं, एवढं त्यात बसत नाही. पण ते मी समजू शकत होतो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची होती आणि ती मला रांगेतल्या सगळ्यात जाणत्या काकांनी सांगितली. ते म्हणाले, "अरे बाबा, तुझ्या गाण्याने शिसं उचलतंय." जाळ्याच्या वरच्या दोरीला बोये असतात आणि खालच्या दोरीला शिसं. शिसं तळाला घासत यायला पाहिजे. घाई केली की खालची दोरी तळावरून उचलते आणि मासळी खालून निघून जाते. फार हळू ओढलं तर मासळीला बाजूने फिरून बाहेर पडायला वेळ मिळतो. म्हणजे गाण्याचा वेग ना गाणाऱ्याच्या मर्जीवर आहे ना ओढणाऱ्याच्या ताकदीवर, तो शिशावर आहे.

ते कसं कळतं तेही त्यांनी दाखवलं. दोराला पाण्याच्या कडेला हात लावून उभं राहायचं, शिसं तळाला घासत असेल तर दोर बारीक थरथरतो, वाळूवरून काहीतरी खरखरत येतंय असं तळहाताला लागतं. उचललं की दोर गुळगुळीत आणि हलका होतो. मी पाच मिनिटं हात लावून उभा होतो तेव्हा कुठे मला फरक कळायला लागला. आता म्हणणारा माणूस रांगेच्या मधे नाही तर पाण्याच्या सगळ्यात जवळ, एक हात दोरावर ठेवूनच उभा राहणार, हे आजच ठरलं.

१७ नोव्हेंबर

ओढ निम्मी केली. ओळीवर ओढ नाही, त्यावेळी सगळ्यांनी पुढे सरकून दोर धरायचा, आणि ओढ फक्त उत्तरावर. एक फेरी ४.८ सेकंदाची झाली, ४०० ओढींना ३२ मिनिटं. शिसं तळाला राहिलं, काकांची तक्रार नाही.

उत्तर असं होतं: "ओढा गड्यांनो दोर ओढा", आणि ओढ पहिल्या "ओ" वर. पाचसहा फेऱ्या जोरात झाल्या आणि मग उत्तर हळूहळू मेलं. दहाव्या फेरीनंतर मी एकटाच गात होतो, बाकीचे नुसते ओढत होते. मला वाटलं लाजतायत किंवा दमले. विचारलं तर एक दादा सरळ म्हणाले, "गाऊ का ओढू ते सांग."

रात्री मोबाईलवरचं रेकॉर्डिंग ऐकलं, प्रत्येक उत्तराच्या सुरुवातीला, जिथे सगळ्यात मोठा आवाज यायला पाहिजे तिथेच, अर्ध्या सेकंदाचं भोक.

१८ नोव्हेंबर

भोकाचं कारण स्वतः दोर ओढून सापडलं. पूर्ण जोर लावताना माणूस घसा बंद करतो, छातीत हवा कोंडून धरतो, त्याशिवाय पाठीला जोर येत नाही. म्हणजे ज्या क्षणी ओढ आहे त्या क्षणी तोंडातून सूर निघूच शकत नाही. निघाला तर ओढ कच्ची. मी नेमकं त्याच क्षणावर लांबलचक "ओ" ठेवला होता.

मग आधीच्या लोकांनी हे कसं सोडवलं ते शोधत बसलो. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या बोफर्टकडचे मेनहेडन मासळी धरणारे खलाशी जाळं उचलताना गायचे, आणि त्यांच्यात गाण्याची ओळ आधी संपायची आणि ओढ त्यानंतरच्या मोकळ्या जागेत व्हायची. गाणं सगळ्यांना एका जागी आणून उभं करतं आणि मग गप्प होतं. मला हे वाचून एकदम मोकळं वाटलं कारण मी गाण्यात ओढ बसवत होतो आणि खरं तर ओढीसाठी गाण्यात जागा सोडायला पाहिजे होती.

नवीन उत्तर, आठ मात्रा:

हो । रे । हो । – । है । सा । (गप्प) । (गप्प)

"हो रे हो" वर दोर घट्ट धरायचा आणि ढिलाई काढायची, "है" वर रेलायला सुरुवात, "सा" वर जोर, आणि पुढच्या दोन मात्रा कोणी काही बोलायचं नाही, फक्त ओढायचं. म्हणणारा तिथे घुसायचा नाही. मला त्या दोन मात्रा रिकाम्या ठेवणं सगळ्यात अवघड गेलं, सवयीने तोंड उघडतंच.

२० नोव्हेंबर

चाललं! २० मिनिटं सलग, उत्तर शेवटपर्यंत तेवढंच मोठं. पण ओढ एकत्र पडत नव्हती, किंचित फिसकटत होती, दोराला एक झटका बसण्याऐवजी दोनतीन छोटे झटके बसत होते. रांगेच्या शेपटाकडचे उशिरा.

मला वाटतं दोष "सा" चा आहे. "स" हा फुसकारा आहे, त्याला सुरुवात अशी ठाम नसते, कोणी "स्स" च्या सुरुवातीला ओढतो, कोणी "आ" ला. आणि लाट फुटतानाचा आवाजही तसाच सळसळता, त्यात "स" विरघळून जातो. शेपटाकडे उभं राहून ऐकलं तर मला "है... आ" एवढंच ऐकू आलं.

"हैसा" ऐवजी "है खेच" करून बघितलं. "खे" ची सुरुवात फटकन होते, "च" ला जीभ टाळूला लागून हवेची वाट बंद होते आणि हवा आपोआप छातीत कोंडते, म्हणजे ओढीला शरीर तयारच. झटका एक झाला. पण जुन्या लोकांच्या तोंडात हैसा इतकं बसलंय की दर चौथ्या फेरीला ते परत यायचं. थोडा वेळ मी टोकत राहिलो, मग सोडून दिलं. निम्मे "खेच" आणि निम्मे "सा" म्हणाले तरी "ख" चा फटका पुरतो, ओढ त्यावरच पडते.

२३ नोव्हेंबर

आज दोन्ही रांगा एकत्र. आत्तापर्यंत मी एकाच बाजूवर काम करत होतो आणि धरून चाललो होतो की दुसरी बाजू माझं ऐकून त्याच तालात ओढेल.

सुरुवातीला दोन रांगांमधे १०० मीटर अंतर असतं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे माझा आवाज तिकडे पोचायला ०.३ सेकंद, आणि आमची मात्रा बरोबर तेवढीच. माझं "खेच" त्यांना एक मात्रा उशिरा, आणि त्यांनी त्यावर दिलेलं उत्तर मला दोन मात्रा उशिरा, म्हणजे नेमकं माझ्या गप्प जागेच्या शेवटी. मग मी नकळत त्यांच्यासाठी थांबलो, ते माझ्यासाठी थांबले, आणि दहा मिनिटांत फेरी ४.८ वरून ५.६ सेकंदांवर गेली. कोणी ठरवून हळू केलं नव्हतं. माणसं म्हणत होती आज गाणं जड लागतंय.

दुसऱ्या बाजूला ढोल ठेवून बघावा असा एकाचा सल्ला होता, बघितला, काही फरक नाही कारण ढोलाचा आवाजही तेवढ्याच वेगाने जातो. एक सकाळ गेली.

२४ नोव्हेंबर

शेवटी उलटा विचार केला. दोन बाजूंची ओढ एकाच क्षणी पडायची गरजच काय आहे? जाळ्याला त्या ०.३ सेकंदाने काही होत नाही, ओला लांब दोर तेवढं पोटात घेतो. गरज आहे ती दोन्ही बाजूंनी सारखा दोर येण्याची, नाहीतर जाळं एका बाजूला फिरतं, त्याची मधली, मासळी साठणारी खोळ तिरकी येते आणि मासळी मोकळ्या बाजूने जाते.

म्हणून दोन बाजूंना दोन म्हणणारे, प्रत्येकाने आपल्या रांगेपुरतं गायचं, दुसऱ्याच्या तालाकडे लक्ष द्यायचं नाही. आणि दोन्ही दोरांवर दर १० वावांवर, म्हणजे दोन्ही हात पसरून मोजलेल्या १० मापांवर, कापडाची चिंधी बांधली. चिंधी हातात आली की म्हणणारा पुढच्या ओळीत तिचा नंबर घालतो आणि पाण्याजवळचा एकजण हात वर करतो, जेवढी चिंधी तेवढी बोटं. आवाज उशिरा येतो पण हात लगेच दिसतो. समोरचा पुढे असेल तर मी फेरी न बदलता एका फेरीत थोडं जास्त रेलायला सांगतो. सांगायचं तेही ओळीतच:

खूण पाच, हाती आली
(हो रे हो, है खेच)
डावी बाजू, मागे पडली
(हो रे हो, है खेच)

या दोन ओळी लिहिताना मला कळलं की म्हणणाऱ्याच्या ओळीत कविता कमी आणि बातमी जास्त पाहिजे. मी आधी समुद्रावर, चंद्रावर वगैरे लिहिलेल्या १४ ओळींपैकी ११ काढून टाकल्या. त्या वाईट नव्हत्या, मला त्यातल्या दोन अजून आवडतात, पण रांगेत कोणी त्या ऐकत नव्हतं. "डावी बाजू मागे पडली" म्हटलं की १२ माणसं मान वळवून बघतात आणि पुढची ओढ बदलते.

रांगांमधलं अंतर ४० मीटरच्या आत आलं की उशीर अर्ध्या मात्रेहून कमी होतो. तिथून एकच म्हणणारा, दुसरा उत्तरात सामील. तो जोड फार छान लागतो, दोन वेगळी गाणी चालू असतात आणि मग २४ माणसांचं एक "हो रे हो" येतं.

२७ नोव्हेंबर

लाटेचा प्रश्न. आजची लाट लांब होती, दोन लाटांमधे ९ ते १२ सेकंद. येणारी लाट जाळं आपल्याकडे ढकलते, त्यावेळी ओढलं तर दोर दीड हात जास्त येतो, ओसरतीला ओढलं तर बोटभर. मी दोन फेऱ्यांना एक लाट असं जमवायला गेलो (९.६ सेकंद), पण लाटा कधीच घड्याळाने येत नाहीत, तिसऱ्याचौथ्या लाटेला गाणं आणि पाणी उलटसुलट.

आता मेट्रोनोम पूर्ण बंद. त्याऐवजी म्हणणाऱ्याला एक सुटी जागा दिली: ओळीच्या आधी "अरेऽऽऽ". हा किती लांबवायचा ते त्याचं तो ठरवेल. ओसरती चालू असेल तर "अरेऽऽऽ" धरून ठेवायचा, माणसं दोर नुसता धरून उभी, म्हणणारा पाण्याकडे बघत असतो, लाट उभी राहिली की ओळ टाकायची, उत्तर येईपर्यंत लाट पायाशी असते. शांत पाण्यात "अरे" लागतच नाही. ओळ आणि उत्तराच्या आतल्या मात्रा मात्र कधीही ताणायच्या नाहीत, तिथे ताल ढिला पडला की ओढ फिसकटते. लवचीकपणा फक्त त्या एका जागी.

आज दोर ३२ च्या ऐवजी २९ मिनिटांत आला, मधे बरेचदा थांबूनसुद्धा.

३० नोव्हेंबर

आजचं नुकसान माझ्यामुळे झालं, स्पष्ट लिहितो.

दोर संपला, जाळ्याचे हात, म्हणजे त्याच्या दोन बाजू, किनाऱ्याला लागले. इथून दोर नसतो, जाळंच मुठीत धरून गोळा करायचं असतं, रेलता येत नाही, वाकून छोटेछोटे हिसके. आम्ही गाणं तेच चालू ठेवलं कारण सगळ्यांना मजा येत होती. ४.८ सेकंदाची फेरी इथे फार लांब पडते, मधल्या वेळात जाळं परत आत सरकायला लागलं, म्हणून मी वेग वाढवला, माणसं मोठ्याने गायला लागली. खोळ गुडघाभर पाण्यात आली तेव्हा काका ओरडले, "खालची दोरी दाबा!" आणि २४ माणसांच्या गाण्यात ते फक्त शेजारच्या दोघांनी ऐकलं. एका बाजूचं शिसं वीतभर उचललं. मी बघत असताना बरीच मासळी त्या फटीतून पाण्यात परत गेली. काका काही बोलले नाहीत, मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

होक्काइदोच्या हेरिंग मासळीच्या लोकांकडे होडी वल्हवायला, जाळं उचलायला आणि मासळी उपसायला वेगवेगळी गाणी असायची, हे मी वाचलं होतं पण त्याचं कारण आज समजलं. हातातलं काम बदललं की शरीराची हालचाल बदलते, जुनं गाणं तिथे अडथळा होतं.

२ डिसेंबर

शेवटच्या टप्प्यासाठी वेगळी रचना. ओळ चार मात्रा, उत्तर चार मात्रा, "हो रे" काढून टाकलं:

शिसं घासे – है खेच
जाळं घ्या – है खेच
हात बदला – है खेच

"घ्या" दोन मात्रा लांबवायचा. २.४ सेकंदाला एक हिसका. जो वेग दोरावर चुकीचा होता तोच इथे बरोबर बसला कारण हिसका हातभराचासुद्धा नसतो.

आणि खोळ गुडघाभर पाण्यात आली की गाणं बंद. म्हणणारा दोन्ही हात वर करून "बास" म्हणतो आणि त्यापुढे फक्त काकांचा आवाज. हे सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं, तरी पहिल्यांदा चारपाच जण सवयीने गात राहिले, दुसऱ्यांदा नाही.

५ डिसेंबर

आज सुरुवातीपासून शेवटपर्यंत. आज दुसऱ्या बाजूला एक तरुण मुलगी म्हणत होती, आवाज बारीक पण वाऱ्यातून माझ्यापेक्षा स्पष्ट जात होता. सुरांबद्दल एवढंच: उत्तर दोनच सुरांवर ठेवा आणि सुरुवात खालून करा. जोर लावताना सगळ्यांचा सूर आपोआप चढत जातो, आम्ही १५ मिनिटांत इतके वर गेलो की निम्म्यांना पोचेना, मग म्हणणाऱ्याने एक "अरेऽऽऽ" मुद्दाम खाली घेऊन सगळ्यांना परत आणलं.

आज दोरावर जे म्हटलं गेलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो, प्रत्येक ओळीनंतर "हो रे हो, है खेच" आणि दोन मात्रा गप्प:

दोर भिजला, दोर ताणला
पाय रोवा, पाठ लावा
(अरेऽऽऽ) लाट येते, हात देते
खूण तीन, हाती आली
बोये आले, रांग धरून
शिसं घासे, वाळूवरती
हात भाजे, सोडू नको
(अरेऽऽऽ) खूण सात, हाती आली
उजवी बाजू, जरा दमानं
खोळ आली, पाण्यावरती

उजव्या बाजूची ओळ त्या मुलीने जागेवर केली, माझ्या कागदावर ती नव्हती. आमची रांग मागे पडली होती, तिला आमच्या बाजूचा हात वर झालेला दिसला नाही, म्हणून तिने आपल्याच रांगेला आवरलं. "जरा दमानं" म्हटल्यावर उजवीकडच्या १२ जणांनी पुढची ओढ निम्मी घेतली. पुढच्या खुणेला दोन्ही बाजूंचे हात एकदम वर आले.

खोळ गुडघाभर पाण्यात, गाणं बंद, काका म्हणाले "दाबा", सगळ्यांना ऐकू गेलं.